तीन मडकी आणि दिवसपाळी

सेलूच्या जिनात पाळ्या कशा वाटल्या जात, हे मी कुणाला सांगायला बसले की ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, "त्या काळात इतकी चांगली पद्धत होती?" मग माझं डोकं फिरतं. पद्धत चांगलीच होती हो. कुणावर मेहेरबानी नाही, कुणावर खुन्नस नाही, सगळं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्या चांगल्या पद्धतीनं माझ्या लेकीच्या तोंडचं दूध तोडलं, एवढंच.

निजामाचं राज्य होतं, आणि तिकडे विलायतेत मोठी लढाई चालू होती. आमच्याकडे लढाई फक्त बाजारात कळायची. आमचं घर सेलूच्या गावकुसाला. चारठाण्याकडची माझी माहेरची माणसं म्हणायची की पोरगी मोठ्या गावात दिली, पण मोठ्या गावात आमचा कोरडवाहू तुकडा एवढा लहान होता की सुगी संपली की घरातल्या बायका जिनात जायच्या. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या यायला लागत आणि शिमग्यापर्यंत जिन रात्रंदिवस चाले. जिन म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारा कारखाना. यंत्रांची लांबच लांब रांग, आणि प्रत्येक यंत्रापुढे कापूस भरवणारी एक बाई. गडी माणसं ओझी वाहायची, सरकी ओढायची. इंजिन एकदा पेटलं की सहसा थांबत नसे, म्हणून माणसांच्या पाळ्या लावाव्या लागत.

आधी पाळ्या मुकादम द्यायचा. त्याला जिच्या घरचं तूप आवडलं तिला दिवस, जिनं तोंड वर करून उत्तर दिलं तिला रात. तुपावर भागलं तर नशीब म्हणायचं. काही बायकांकडून त्याला तुपापेक्षा वेगळं काही हवं असायचं आणि त्या बिचाऱ्या रातपाळी पत्करायच्या, पण त्याच्या खोलीकडे फिरकायच्या नाहीत. त्यामुळे मालकानं हैदराबादेकडचा एक शिकलेला मॅनेजर आणला आणि त्यानं मुकादमाच्या हातून पाळ्या काढून घेतल्या, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आम्हा बायकांनाच झाला. मी तर त्या दिवशी पोळ्या केल्या होत्या.

मॅनेजरची पद्धत अशी होती. पाळ्या तीन तऱ्हेच्या. एक दिवसपाळी, ती अख्खा हंगाम दिवसाचीच. एक रातपाळी, ती अख्खा हंगाम रातीची. आणि एक फिरती, म्हणजे एक आठवडा दिवस, एक आठवडा रात. हंगामाच्या पहिल्या सकाळी ऑफिसच्या ओसरीवर तीन मडकी मांडायची. दिवसाच्या मडक्याला पांढरी चिंधी बांधलेली, रातीच्या मडक्याला काळी, आणि फिरतीच्या मडक्याला दोन्ही. आम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीला तीन लाकडी ठोकळे मिळत. त्यांवर जिच्या तिच्या बिल्ल्याची खूण असायची, आणि एकावर एक खाच, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. एक खाचेचा ठोकळा जी पाळी सगळ्यांत हवी तिच्या मडक्यात टाकायचा, दोन खाचांचा त्या खालोखाल हवी तिच्यात, तीन खाचांचा उरलेल्या मडक्यात.

मग कारकून मडकी उपडी करायचा आणि सेवेप्रमाणे एकेकीचं नाव पुकारायचा. सेवा म्हणजे सलग किती हंगाम काम केलं ते. जिची सेवा जास्त तिचं नाव आधी. तिच्या पहिल्या पसंतीत जागा असली की ती तिला मिळाली. नसली तर दुसरी पसंती बघायची, तीही भरली असली तर तिसरी. सेवा सारखी असली तर आपसात चिठ्ठ्या. सगळं झाल्यावर जिची एकही पसंती लागली नाही तिला जे उरलं असेल ते.

सगळ्यांना दिवसपाळीच हवी असते असंही नव्हतं. एक भाजी विकणारी बाई दर साली रातपाळीत पहिला ठोकळा टाकायची, कारण दिवसा तिचा बाजार. एकीला नवऱ्याचं तोंड रात्री बघायचं नव्हतं, तिलाही रातच हवी असायची. ज्याला त्याला त्याच्या गरजेनं मागू द्यायचं आणि वाद आला तर जुन्याला आधी द्यायचं. यात खोट कुठे आहे, सांगा बरं? मला त्या वेळी दिसली नव्हती.

माझे तीन-चार हंगाम झाले होते आणि मी वरवर सरकत होते. मग मला दिवस गेले. पाचवा महिना लागला तशी सासू म्हणाली, "आता जिनात जायचं न्हाई. त्या धुळीत लेकराचा जीव घेतीस का काय?" तो हंगाम मी घरी बसले. लेक झाली. पुढची दिवाळी आली तेव्हा ती अंगावर पीत होती, आणि पिणं म्हणजे कसं, घटकेघटकेला. दुसरं काही तोंडाला लावलं की फुर्रकन उडवून द्यायची.

मला दिवसपाळी हवी होती ती यासाठी. दुपारच्या सुट्टीत सासू लेकीला घेऊन रूळ ओलांडून जिनाच्या फाटकापाशी येणार, मी फाटकाच्या भिंतीला टेकून तिला पाजणार, आणि संध्याकाळी घरी आल्यावर रात्रभर ती माझ्याच कुशीत. सगळं ठरलेलं होतं. रातपाळीत ते होणार नव्हतं. सासूला तिन्हीसांजेनंतर दिसत नसे आणि अंधारात रूळ ओलांडून तान्हं लेकरू आणायला घरात दुसरं कुणी नव्हतं, नवरा आणि दीर हंगामभर गाड्यांवर बाहेर असायचे. बारा-बारा तास ती माझ्याशिवाय कशी राहणार होती?

हंगामाच्या आदल्या दिवशी मुकादमानं इंजिनाच्या घरघरीत उभं राहून पद्धत एकदा ओरडून सांगितली होती, म्हणे. ती ऐकायला मी नव्हते. मी बाळंतपणाआधीचा हंगाम आठवत गेले. तेव्हा पद्धत नवी होती आणि माझी पहिली पसंती फिरती होती, ती पटकन लागली होती. पुढच्या ठोकळ्यांचं काय होतं ते बघायची वेळच आली नव्हती.

सकाळी ओसरीवर रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला तसा मी पांढऱ्या चिंधीच्या मडक्यात एक ठोकळा टाकला. मग दुसराही त्यातच टाकला. मग तिसराही.

आज हसू येईल कुणाला. पण जरा आमच्या जागी उभं राहून बघा. त्या राज्यात मागायचं म्हणजे अर्जी करायची, आणि अर्जी कशी करायची हे आम्हाला आईच्या पोटातून माहीत होतं. तहसिलात जा, पाटलाकडे जा, देवळात जा, एकच मागायचं आणि तेच पुन्हा पुन्हा मागायचं. "हे नाही जमलं तर ते द्या" असं म्हटलं की समोरचा "ते"च देणार आणि वर म्हणणार की तूच तर म्हणालीस. मला फिरती चालेल असं मी माझ्या हातानं कशाला सांगू? मला दिवसपाळीच पाहिजे, तीन वेळा पाहिजे, हे त्यांना कळू दे. रांगेत माझ्या पुढे असलेल्या बायकांच्या नवऱ्या-सासवांशी चाललेल्या तंट्यांपेक्षा माझी गरज मोठी आहे हे माझे तीन ठोकळे सांगतील, असं मला वाटलं. माझ्यासारख्या आणखीही दोघी-तिघी निघाल्या हे नंतर कळलं. म्हणजे वेडी मी एकटी नव्हते.

कारकून नावं पुकारायला लागला. माझ्या मागून लागलेल्या बायका माझ्या आधी पुकारल्या जात होत्या. माझी धाकटी जाऊ माझ्यानंतर एका हंगामानं लागलेली, तिचंही नाव आधी आलं आणि तिला फिरती मिळाली. मी म्हटलं, कारकून माझं नाव विसरला. दिवसपाळी भरली. फिरती भरत आली. मग अगदी शेवटी, नव्या पोरींच्या घोळक्यात, चिठ्ठ्या काढून माझं नाव आलं.

कारकून म्हणाला, "हिचे तिन्ही दिवसात. दिवसपाळी भरली. बाकी पसंती नाही. बाजूला ठेवा."

माझ्या मागच्या नव्या पोरीला फिरतीतली शेवटची जागा मिळाली. मला उरलेली रातपाळी.

मी ओसरीवर चढले. चढायची पद्धत नव्हती, पण चढले. मॅनेजर खुर्चीवर बसला होता. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगते, कारण वाईट असता तर मला शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तीन ठोकळे एका मडक्यात टाकले तरी एकच धरतात," तो म्हणाला. "दुसरा तू फिरतीत टाकला असतास तर तुझ्या नंबरावर फिरतीत जागा होती. पहिली पसंती त्यानं कमजोर होत नाही. हे सांगितलं होतं."

"मला कुनी न्हाई सांगितलं. आन् माजा नंबर खाली कामून? मी तर हिच्या आदी लागलेली हाय."

"तू गेल्या हंगामात गैरहाजर होतीस. खंड पडला की सेवा पुन्हा पहिल्यापासून. सगळ्यांना हाच कायदा."

"मी बाळंतपणाला घरी होते, साहेब."

"असेल. पण खंड तो खंड. आणि मला सांग, रातपाळीत तुझं काय बिघडतं? रात्री लेकरू झोपलेलंच असतं की. उलट बरं."

त्या माणसाला तीन मुलं होती. रात्री लेकरू झोपलेलंच असतं, असं तो मला सांगत होता. त्याच्या घरी रात्री कोण उठत असेल तिला हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

सगळ्यांत जुनी जी बाई होती, तिला आम्ही सगळ्या मावशी म्हणायचो, ती पुढे आली. तिला मूल नव्हतं, नवरा कधीच गेला होता, आणि जिन सुरू झाल्यापासून एकही हंगाम तिनं चुकवला नव्हता. ती म्हणाली, "माजी दिवसपाळी हिला द्या. मला काय, मी रातीची करीन."

माझे डोळे भरून आले. मॅनेजरनं मान हलवली.

"मावशी, अदलाबदल सारख्या सेवेच्याच माणसांत होते. तुम्ही दिवस सोडत असाल तर ती जागा दिवस मागून न मिळालेल्यांत जो वर आहे त्याला जाईल. हिला नाही. नाहीतर उद्या कुणीही जुनं माणूस आपली जागा आपल्या भाचीला देईल, मग मुकादम काय वाईट होता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेतूनच एक बाई ओरडली, "बराबर हाय साहेबाचं! मी बी दिवसच मागितली व्हती. माजा नवरा अंथरुणाला खिळलाय, राती त्याला पानी कोन देईल? हिला मधीच दिली तर माजं काय?"

ती खरं बोलत होती. तिच्या बोलण्यानं मला जो संताप आला तेवढा मॅनेजरच्या बोलण्यानंही आला नव्हता. माझ्याइतकीच अडलेली बाई माझ्यावर ओरडते आहे, तिचं बरोबर आहे, माझंही बरोबर आहे, आणि आम्हा दोघींना भांडायला लावून तो कायदा खुर्चीवर निवांत बसला आहे. मी खाली उतरले.

उतरता उतरता मला दिवसपाळीच्या बाजूला तो दिसला. सरकी ओढणारा एक गडी. त्यानं दोन हंगामांपूर्वी विहिरीवरच्या भांडणात एकाचं डोकं फोडलं होतं आणि अख्खा हंगाम परभणीच्या तुरुंगात काढला होता. सगळ्या सेलूला ठाऊक होतं. गडी आणि बाया एकाच यादीत होते, आणि तो माझ्या कितीतरी वर होता, दिवसपाळी घेऊन बिडी ओढत उभा.

मी परत वर चढले. आता मला कुणाच्या बापाची भीती राहिली नव्हती.

"ह्याचा हंगाम कुटं गेला, साहेब? हा तर तुरुंगात व्हता. ह्याला खंड न्हाई?"

मॅनेजरनं कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं कागद चाळले आणि शांतपणे सांगितलं, "त्याला सरकारनं अडवलं होतं. सरकारनं नाहीतर मालकानं अडवलं तर खंड धरत नाहीत. माणसाच्या हातात नसतं ते. आपखुशीनं गैरहाजर राहिलं तर खंड."

"आन् मी आपखुशीनं?"

"मग काय सरकारनं सांगितलं होतं तुला?" कारकून म्हणाला, आणि ओसरीभर गडी माणसं हसली.

मी ते हसू अजून ऐकते. दुसऱ्याचं डोकं फोडून तुरुंगात बसला तो लाचार, आणि पोटात लेकरू घेऊन घरी बसले ती मौजेला गेलेली! आणि मग माझं लक्ष दिवसपाळीत उभ्या असलेल्या बायकांकडे गेलं. मी त्यांना एकेक करून न्याहाळलं. कुणी म्हातारी, कुणी विधवा, कुणाला मूलच नाही, कुणाची पोरं मोठी होऊन गाडी हाकायला लागलेली. अंगावर पिणारं लेकरू त्यांतल्या एकीलाही नव्हतं. असणार तरी कसं? लेकरू झालं की सेवा तुटते, सेवा तुटली की तळाशी, तळाशी आलं की रात. ज्या बाईला दिवसाची गरज पडते नेमकी तिलाच दिवस मिळू नये अशी ती पद्धत होती, आणि हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी रातपाळी केली. न करून चालणार नव्हतं. पहिले काही दिवस पदर भिजून चिकट व्हायचा आणि रुईचा भुगा त्याला चिकटायचा. घरी सासू लेकीला मांडीवर घेऊन अंधारात गाणी म्हणत बसायची, आणि लेक रडून रडून दमली की झोपायची. सकाळी मी घरी यायची तेव्हा ती माझ्याकडे पाठ करायची. मग हळूहळू दूधच आटलं. सासूनं शेजारून शेळीचं दूध आणलं, ते ती कशीबशी प्यायला शिकली, पण हाडं वर आली. लेक जगली, आज तिला नातवंडं आहेत. लोक म्हणतात, मग झालं की. नाही झालं. जगली म्हणून ज्याचा त्याचा अपराध धुतला गेला असं मी मानत नाही.

त्या हंगामात मी यंत्रापुढे उभी राहून बोलत राहिले. जी कान देईल तिला सांगायची, "तुजा बी खंड पडला व्हता का? कितींदा?" सगळ्यांचा पडला होता. कुणाचा दोनदा, कुणाचा तीनदा. मावशी सोडून खंड न पडलेली बाई सापडणं कठीण. माझी जाऊ सुरुवातीला म्हणायची, "अक्का, गप ऱ्हावा, काडून टाकतील." मग हंगाम संपता संपता तिलाच दिवस गेले, आणि ती गप्प राहा म्हणायची थांबली.

पुढची दिवाळी झाली. जाऊ घरी होती, तिचे दिवस भरत आले होते. हंगामाच्या पहिल्या सकाळी ओसरीवर मडकी मांडलेली, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, इंजिन तापलेलं. मॅनेजर म्हणाला, "टाका." कुणी हललं नाही. पहिला नंबर मावशीचा. तिनं तिन्ही ठोकळे पदरात बांधले आणि ओसरीच्या पायरीवर फतकल मारून बसली. तिला यातून काही मिळायचं नव्हतं, उलट काढून टाकलं असतं तर तिचे सगळे हंगाम बुडाले असते. तिच्यामागे आम्ही सगळ्या बसलो.

"ठोकळ्याबिगर पाळी लावायची न्हाई, हा तुमचाच कायदा हाय ना, साहेब?" मावशी म्हणाली. "मंग बाळातपनाचा खंड काडा. तवर ठोकळे आमच्याजवळ ऱ्हातील."

मुकादम शिव्या द्यायला लागला. गडी आधी हसले, मग गाडीवानांनी बाहेरून आरडाओरडा सुरू केला तसे गप्प झाले. बैल ओरडत होते. मॅनेजर आत गेला, मालकाकडे माणूस पाठवला, बाहेर आला, परत आत गेला. ऊन चढलं. गाडीवानांपैकी एकानं बैल वळवून दुसऱ्या जिनाची वाट धरली, त्याच्यामागे दुसरा निघाला, आणि मॅनेजर तिसऱ्यांदा बाहेर आला.

"ठीक आहे. या हंगामापासून बाळंतपणाला घरी राहिलेल्या बाईची सेवा तुटणार नाही. राहिलेला हंगाम मोजणार नाही, पण आधीचे शाबूत राहतील."

बायकांनी एकच गलका केला. मी ओरडून विचारलं, "आन् माजे? मागं तुटले त्ये?"

"मागचं मागे. मागचं जोडायचं म्हटलं तर सगळी यादी उलटीपालटी होईल."

मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता सगळ्या माझ्यासारख्याच ओरडतील. पण गलका थांबला होता. प्रत्येक जणी मनातल्या मनात मोजायला लागली होती. मागचे खंड जोडले तर कोण वर जाणार, कोण आपल्या पुढे येणार, आपली आत्ता कुठे हाताशी आलेली दिवसपाळी जाणार का राहणार. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची ती बाई खाली बघत होती. मग मावशी उठली, पदराची गाठ सोडली आणि पहिला ठोकळा पांढऱ्या मडक्यात टाकला. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "पोरी, जेवढं गावलं तेवढं घिऊ. समदंच मागाय गेलो तर हे बी जाईल."

ती शहाणी होती. तरी मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला त्यांनी माझं मागचं तिथेच टाकून दिलं, याचा राग मी गिळला नाही, आणि का गिळावा?

त्यापुढच्या दिवाळीला जाऊ कामावर परत आली. तिचा मुलगा तेव्हा अंगावर पिणारा. तिचे आधीचे सगळे हंगाम शाबूत होते, दोन म्हाताऱ्या काम सोडून गेल्या होत्या, त्यामुळे तिचा नंबर चांगला वर आला होता. दिवसपाळी तिला मिळणार हे नक्की होतं. पण त्या पावसाळ्यात सासू पडली होती आणि तिचं चालणं घरापुरतंच राहिलं होतं. आदल्या संध्याकाळी जाऊ चुलीपुढे बसून रडायला लागली.

"अक्का, दिवसपाळी घिऊन तरी काय करू? दुपारच्याला फाटकाशी लेकरू कोन आनील?"

घरात तशी एकच बाई उरत होती. ती दिवसा घरी असली तरच जमणार होतं, आणि दिवसा घरी असायचं तर तिला एकच पाळी घ्यावी लागणार होती.

सकाळी ओसरीवर माझा नंबर आला. मी एक खाचेचा ठोकळा काळ्या चिंधीच्या मडक्यात टाकला. दोन खाचांचा फिरतीत, तीन खाचांचा पांढऱ्यात, सगळं नीट, कायद्याप्रमाणे. कारकून वाकून बघत होता. त्याला आमचा तो जुना तमाशा आठवत असावा.

"बाई, चुकलीस बघ पुन्हा. एक खाचेचा काळ्यात गेला."

"न्हाई चुकले," मी म्हटलं.

त्या हंगामात मी रोज सकाळी रातपाळी करून घरी यायची, डोळ्यांवर पाणी मारून भाकरी टाकायची, थोडी आडवी व्हायची आणि दुपारी लेकराला काखोटीला मारून रूळ ओलांडून फाटकाशी जायची. जाऊ धावत यायची, अंगावरची रुई झटकून भिंतीला टेकून बसायची, आणि ते पोर तिच्या छातीला लागलं की कसं सगळं अंग सैल सोडायचं! मी बघत उभी राहायची. मला बरं वाटायचं, आणि त्याच वेळी माझ्या लेकीचं तुटलेलं दूध आठवून संतापही यायचा. दोन्ही एकदमच.

एकदा असंच दुपारी मॅनेजर कुणा पाहुण्याला जिन दाखवत फाटकापाशी आला. पाहुणा सुटाबुटातला होता. मॅनेजर जावेकडे बोट दाखवून कौतुकानं सांगायला लागला, "आमच्याकडे लेकुरवाळीलाही दिवसपाळी मिळते. सेवेप्रमाणे, पसंतीप्रमाणे. कुणाची तक्रार नाही."

पाहुण्यानं माझ्याकडे बघितलं. मी डुलक्या देत भिंतीला टेकले होते. "आणि ही?"

"ही रातपाळीची. तिलाही तिची पहिली पसंतीच मिळाली आहे, कागद दाखवतो तुम्हाला."

माझी झोप उडाली. मी म्हटलं, "कागद खरा हाय, साहेब. पर तुमी त्यांला एवढं बी सांगा, की हिच्या दिवसपाळीला दोन बाया लागतात. एक यंत्रापुढं आन् एक फाटकाशी. फाटकाशी उभी हाय तिची सेवा कोन मोजतंय?"

पाहुणा मॅनेजरकडे बघायला लागला. मॅनेजर घड्याळाकडे. तेवढ्यात भोंगा झाला, जावेनं लेकराला ओढून वेगळं केलं, माझ्या हातात दिलं आणि आत पळाली. ते रडत होतं. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि घरी निघाले.